गृहनिर्माण संस्थेची नोंदणी ६० दिवसांऐवजी २५१ दिवस प्रलंबित असल्याबाबत तक्रार अर्ज

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांचे कार्यालय

विषय : नियोजित निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्थेचा नोंदणी प्रस्ताव, आवक क्र. १४८२, दि. ११ मार्च २०२५, मुदत उलटूनही निर्णयाविना पडून असल्याबाबत.

महोदय,

आमच्या इमारतीत तळमजल्यावर वाहनतळ आणि वर सात मजले आहेत. एकूण सदनिका २८. भोगवटा प्रमाणपत्र २२ जून २०२१ रोजी मिळाले आणि जुलै २०२१ मध्ये बहुतेकांनी ताबा घेतला. मोफा नियमांतील नियम ८ प्रमाणे, संस्थेसाठी आवश्यक तेवढे सदनिकाधारक झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीचा अर्ज करणे विकासकाचे काम होते. त्यांनी ते केले नाही. म्हणून २८ पैकी २३ सदनिकाधारकांनी विकासकाच्या असहकाराचा प्रस्ताव तयार करून ११ मार्च २०२५ रोजी उपनिबंधक कार्यालयात दाखल केला.

प्रस्तावात नमुना अ, ब, क आणि ड, उपविधींच्या चार प्रती, सर्वांचे नोंदणीकृत करारनामे व सूची क्र. २, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, नाव राखून ठेवल्याचे पत्र, नोंदणी शुल्काचे चलन आणि बँकेचा शिल्लक दाखला जोडलेला आहे. प्रत्येकी ५०० रुपये भाग भांडवल आणि १०० रुपये प्रवेश फी याप्रमाणे २३ जणांचे १३,८०० रुपये जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत जमा आहेत. विकासकाला संस्था स्थापन करण्याबाबत पाठवलेली नोटीस आणि ती मिळाल्याची टपाल खात्याची पोचही सोबत आहे. कार्यालयाने दिलेल्या पोचपावतीवर सेवेची मुदत ६० दिवस लिहिलेली आहे. ती १० मे २०२५ रोजी संपली. आज अर्जाला २५१ दिवस झाले, म्हणजे मुदतीवर १९१ दिवस. मंजुरी नाही, नामंजुरीही नाही.

मधल्या काळात काय झाले ते तारखांसह मांडतो. "अर्जदारांनी पूर्तता केली नाही" असा शेरा नस्तीवर पडला असेल, तर तो खरा नाही हे त्यावरून दिसेल.

३ एप्रिलच्या पहिल्या त्रुटीपत्रात तीन गोष्टी मागितल्या होत्या : वास्तुविशारदाचा सदनिकांच्या संख्येबाबतचा दाखला, सदनिका ५०४ च्या सूची क्र. २ ची स्वच्छ प्रत आणि मुद्रांक कागदावरील हमीपत्र. मागण्या योग्य होत्या. १५ एप्रिलला तिन्ही कागद दिले आणि पोच घेतली. त्यानंतर मुदत संपेपर्यंत कार्यालयाकडून एकही पत्र आले नाही. मुदत संपून महिना झाल्यावर, १० जूनला दुसरे त्रुटीपत्र आले. त्यात ५०४ ची तीच सूची पुन्हा मागितली होती, बँकेचा शिल्लक दाखला "जुना झाल्याने" नवा मागितला होता आणि विकासकाचे नाहरकत पत्र जोडण्यास सांगितले होते. दाखला आमच्यामुळे जुना झाला नव्हता. अर्ज करताना तो ताजाच होता, कार्यालयात पडून राहिल्यामुळे जुना झाला. तरीही वाद न घालता १३ जूनचा नवा दाखला आणि सूचीची दुसरी प्रत १६ जूनला दिली. नाहरकत पत्राबाबत त्याच दिवशी लेखी खुलासा केला, तो पुढे दिला आहे.

८ जुलैला चौकशी केली तेव्हा टेबल बदलल्यामुळे नस्ती सापडत नाही असे तोंडी सांगण्यात आले. आम्ही त्याच दिवशी संपूर्ण प्रस्तावाची १८६ पानांची दुसरी प्रत पोच घेऊन दिली. २४ जुलैच्या सुनावणीला आम्ही हजर होतो. विकासकाला नोटीस मिळाल्याची पोच नस्तीत होती, पण ते आले नाहीत. पुढची तारीख १४ ऑगस्ट देण्यात आली. त्या दिवशीही विकासक आले नाहीत, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत थांबल्यावर सुनावणी पुढे ढकलल्याचे सांगण्यात आले. नवी तारीख दिली नाही. त्याला आज ९५ दिवस झाले. या काळात तीन स्मरणपत्रे दिली, एकाचेही उत्तर नाही.

आता नाहरकत पत्राची मागणी. प्रस्ताव असहकाराचा आहे, म्हणजे विकासक सहकार्य करत नाहीत हेच त्याचे मूळ. त्यांचीच संमती आणा म्हणणे म्हणजे प्रस्ताव कधीच मंजूर होणार नाही असे म्हणणे. मोफा अधिनियम, १९६३ च्या कलम १० प्रमाणे, विकासकाने अर्ज केला नाही तर सदनिकाधारकांच्या अर्जावर सक्षम प्राधिकारी नोंदणीचे निर्देश देऊ शकतात. त्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात : अर्जदार खरे आहेत का याची पडताळणी, आणि विकासकाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी. कायद्याला हवी आहे ती संधी. संमतीची अट त्यात कुठेही नाही. विकासकाला ही संधी दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा ते गैरहजर राहिले. पडताळणीसाठी सर्व करारनामे नस्तीत आहेत. सक्षम प्राधिकारी म्हणजे जिल्हा उपनिबंधक आपल्याच कार्यालयात आहेत. उपनिबंधकांनी आपला अहवाल त्यांच्याकडे पाठवला आहे का, एवढेही आम्हाला सांगितले जात नाही.

या तक्रारीतील सर्वांत गंभीर बाब वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९ प्रमाणे नोंदणीचा अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. तसे झाले नाही तर निबंधकाने पुढील १५ दिवसांत तो लगतच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. वरिष्ठांनीही अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत निर्णय दिला नाही, तर संस्था व तिचे उपविधी नोंदले गेले असे मानले जाते. आमच्या अर्जाचे दोन महिने ११ मे रोजी संपले, म्हणजे तो २६ मे पर्यंत वरिष्ठांकडे जायला हवा होता. तसे झाले असते तर जुलैअखेर प्रश्न कोणत्या तरी बाजूने सुटला असता. अर्ज वर पाठवल्याचे कोणतेही पत्र आम्हाला मिळालेले नाही. तो पाठवलाच नसेल, तर मानीव नोंदणीची मुदत अजून सुरूच झालेली नाही. विलंबावर कायद्याने ठेवलेला उपाय त्याच विलंबामुळे बंद पडतो आणि त्याची झळ फक्त अर्जदारांना बसते. नामंजुरीचा आदेश असता तर कलम १५२ खाली दोन महिन्यांत अपील करता आले असते. आदेशच नसल्याने तेही करता येत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत संपल्यावर ३० दिवसांत पहिले अपील करायचे असते. त्या दिवसांत आम्हाला "पुढच्या आठवड्यात होईल" असे सांगितले जात होते, आणि त्यावर विश्वास ठेवून आम्ही थांबलो. तोंडी आश्वासनामुळे गेलेली ती मुदत आमच्याविरुद्ध वापरली जाऊ नये, एवढी विनंती आहे.

नोंदणी नसल्याने रोजचे व्यवहार अडले आहेत. विकासक दर सदनिकेकडून दरमहा ३,२०० रुपये देखभाल खर्च घेतात, म्हणजे २८ सदनिकांचे महिन्याला ८९,६०० रुपये. हिशेब मागितला की "संस्था झाली की देऊ" असे उत्तर मिळते. लिफ्टचा देखभाल करार ३१ ऑगस्टला संपला. संस्थाच नसल्याने तो कोणाच्या नावाने करायचा हे ठरत नाही, आणि सातव्या मजल्यावरील ज्येष्ठ नागरिकांना जिना चढावा लागतो. गच्चीतून ७०१ ते ७०४ मध्ये गळती आहे. रेरा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेला बांधकामातील दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. आमची पाच वर्षे जुलै २०२६ मध्ये पूर्ण होतात, म्हणजे आता जेमतेम आठ महिने उरले आहेत. एकेकट्या रहिवाशाने गच्चीबद्दल लिहिले की विकासक विचारतात, "सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राशिवाय करता येत नाही, म्हणून जमीन आजही विकासकाच्याच नावावर आहे.

आणखी एक अडचण आताच सांगून ठेवतो. सप्टेंबरमध्ये एका अर्जदाराने आपली सदनिका विकली. नमुना ब मध्ये त्यांचे नाव असल्याने नवीन यादी, नव्या सह्या आणि नवा शिल्लक दाखला मागितला जाईल अशी भीती आहे. तसे झाले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल, आणि तोवर आणखी कोणी सदनिका विकेल. उरलेले २२ अर्जदार म्हणजे २८ पैकी ७८ टक्के होतात. नव्या मालकांना नोंदणीनंतर सभासद करून घेता येईल. त्यासाठी प्रस्ताव परत पाठवू नये.

आपल्याकडे मागणी अशी :

१. नस्ती आज कोणत्या टेबलावर आहे, तीवर शेवटची कार्यवाही कोणत्या तारखेला झाली आणि अर्ज कलम ९ खाली वरिष्ठांकडे पाठवला का, हे सात दिवसांत लेखी कळवावे. २४ जुलै व १४ ऑगस्टच्या रोजनाम्याच्या प्रती द्याव्यात.

२. अर्ज वरिष्ठांकडे पाठवला नसेल तर तो लगेच पाठवावा आणि जावक क्रमांक आम्हाला द्यावा.

३. आणखी सुनावणी घ्यायची असल्यास ती एकच घ्यावी, तारीख १५ दिवसांच्या आत ठेवावी, आणि विकासक न आल्यास त्याच दिवशी प्रकरण निर्णयासाठी बंद करावे. निर्णय कोणताही असो, तो कारणांसह लेखी द्यावा.

४. विलंबाची जबाबदारी निश्चित करावी. लोकसेवा हक्क अधिनियमात पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूद आहे. ज्या कर्मचाऱ्यांनी वेळेत काम केले त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पहिले त्रुटीपत्र २३ दिवसांत आले होते, हेही आम्ही नमूद करतो.

सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील दाखल करू आणि विभागीय सहनिबंधकांकडेही दाद मागू. या अर्जाची आवक क्रमांकासह पोच द्यावी.

आपले विश्वासू,

मुख्य प्रवर्तक (सदनिका ३०२) व इतर २१ अर्जदार,
नियोजित निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्था

सोबत : ११ मार्चच्या अर्जाची पोचपावती; ३ एप्रिल व १० जूनची त्रुटीपत्रे; १५ एप्रिल, १६ जून व ८ जुलैच्या पूर्ततेच्या पोच; १३ जूनचा शिल्लक दाखला; विकासकाला पाठवलेली नोटीस व टपाल पोच; तीन स्मरणपत्रांच्या प्रती; २२ अर्जदारांच्या सह्यांची यादी.

प्रत माहितीसाठी : मा. विभागीय सहनिबंधक, सहकारी संस्था.