ईसीजी नोंद: उभ्या-उभ्या कोसळलेला रुग्ण, पुरुष, वय 71

14 ऑगस्ट 2024, सकाळी 10:40. पुरुष वॉर्ड, बेड 6.

तक्रार: गेल्या दहा दिवसांत दोनदा अचानक शुद्ध हरपली. एकदा गोठ्यात उभे असताना, एकदा ओट्यावर बसलेले असताना. आधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही नाही. अर्ध्या मिनिटात पूर्ण शुद्धीवर. छातीत दुखले नाही. बी.पी.साठी अॅम्लोडिपिन 5 मि.ग्रॅ. आणि अॅटेनोलॉल 50 मि.ग्रॅ. सुरू आहे. ईसीजी काढताना बी.पी. 148/82, रुग्ण शुद्धीत, तक्रार नाही.

12 लीड, वेग 25 मि.मी./सेकंद, 10 मि.मी. = 1 मिलिव्होल्ट. दोन्ही वेळा कोसळण्याचा प्रकार पाहता लीड 2 ची 30 सेकंदांची पट्टी वेगळी काढली. लीड 1 मध्ये पी सरळ, एव्हीआरमध्ये उलटा; हातांच्या वायरी अदलाबदल झालेल्या नाहीत.

रेट: पी ते पी 24 छोटे चौकोन, 1500 ÷ 24 = 62, म्हणजे अॅट्रियल रेट मिनिटाला 62. लांब पट्टीत 31 पी आणि 30 क्यूआरएस, म्हणून व्हेंट्रिकलचा सरासरी रेट 60.

रिदम: सायनस. पीआर 7 छोटे चौकोन, 280 मिलिसेकंद, प्रत्येक ठोक्याला तेवढाच. मात्र अकराव्या ठोक्यानंतरचा पी वेळेवर, त्याच आकाराचा आला आणि त्यामागे क्यूआरएस नाही. तिथला आर-आर 48 चौकोन, 1.92 सेकंद, नेहमीच्या बरोबर दुप्पट. गळालेल्या ठोक्याच्या आधीचा पीआर 7 चौकोन, नंतरचाही 7. पीआर वाढत गेलेला नाही, म्हणून वेंकेबाख नाही. पी वेळेआधी आलेला नाही, म्हणून अडलेला अॅट्रियल एक्टोपिक नाही. पी-पी लांबलेले नाही, उलटी किंवा कळ नव्हती, म्हणून व्हेगल कारणही जुळत नाही. हा मोबिट्झ टाइप 2.

यंत्राने दहा सेकंदांच्या कागदावर फक्त ‘सायनस रिदम, आरबीबीबी’ छापले आहे. गळालेला ठोका त्या दहा सेकंदांत पडलाच नव्हता, त्यामुळे छापील वाचनावर थांबू नये.

अॅक्सिस: लीड 1 मध्ये आर 7, एस 2 मि.मी., बेरीज अधिक 5. एव्हीएफमध्ये आर 2, एस 11, बेरीज उणे 9. एव्हीआर जवळजवळ समतोल. अॅक्सिस उणे 60 अंश, ठळक डावीकडे. लीड 1 मधला शेवटचा रुंद एस आरबीबीबीचा असल्याने तो वगळूनही मोजले. तरी उणे 55 च्या आसपासच येतो.

क्यूआरएस: 140 मिलिसेकंद. व्ही 1 मध्ये आरएसआर डॅश, लीड 1 आणि व्ही 6 मध्ये रुंद, ओढलेला एस: पूर्ण आरबीबीबी. एव्हीएलमध्ये लहान क्यू व मोठा आर, 2, 3, एव्हीएफमध्ये लहान आर व खोल एस, लीड 3 चा एस (13.5) लीड 2 च्या एसपेक्षा (8.5) मोठा: लेफ्ट अँटिरियर फॅसिक्युलर ब्लॉक. सुरुवातीचा आर तिन्ही लीड्समध्ये शाबूत आहे, त्यामुळे जुना इन्फिरियर इन्फार्क्ट म्हणता येत नाही.

एसटी उंचावलेला नाही. व्ही 1-व्ही 2 मध्ये टी उलटा, तो आरबीबीबीमुळेच. क्यूटी 420, क्यूटीसी 429.

जुन्या ईसीजीशी तुलना (जून 2023, रुग्णाच्या पिशवीतला): तेव्हा आरबीबीबी होताच, पण अॅक्सिस अधिक 30 आणि पीआर 180. म्हणजे चौदा महिन्यांत डावी पुढची शाखा गेली आणि पीआर 100 मिलिसेकंदांनी वाढला.

निष्कर्ष: सायनस रिदम, लांबलेला पीआर, आरबीबीबी + लेफ्ट अँटिरियर फॅसिक्युलर ब्लॉक, त्यावर मोबिट्झ टाइप 2. साध्या शब्दांत, हृदयाच्या वरच्या कप्प्यातला संदेश खाली नेणाऱ्या तीन वाटांपैकी दोन बंद आहेत, उरलेली अधूनमधून दगा देते. ती पूर्ण अडली तर कम्प्लीट हार्ट ब्लॉक. कोसळण्याचे कारण बहुधा हेच. रुग्णाला घरी सोडू नये.

पुढे: अॅटेनोलॉल आत्ताच बंद. ब्लॉक एव्ही नोडच्या खाली असल्याने गोळी बंद केल्यावर तो सुटेल असे धरू नये, पेसमेकरचा निर्णय त्यासाठी लांबवू नये. सतत मॉनिटर, पेसिंगचे पॅड छातीवर लावून ठेवणे, शिरेची सुई चालू. पोटॅशियम, क्रिएटिनिन, ट्रोपोनिन पाठवले. रेट घसरून बी.पी. पडला तर ट्रान्सक्युटेनियस पेसिंग. ते सुरू होईपर्यंत अॅड्रिनलिन मिनिटाला 2 ते 10 मायक्रोग्रॅम. अॅट्रोपिनवर भिस्त नको: सायनस वेग वाढतो आणि खालचा ब्लॉक उलट वाढू शकतो.

कायमस्वरूपी पेसमेकरसाठी हृदयरोग केंद्राला फोन झाला, 108 ची अॅडव्हान्स्ड रुग्णवाहिका मागवली. सोबत दोन्ही ईसीजी आणि 30 सेकंदांची पट्टी; गळालेल्या पीवर पेनने गोल केला आहे. मुलाला समजावून सांगितले, वाटेत रुग्णाला एकट्याने उठू द्यायचे नाही.

वैद्यकीय अधिकारी, वॉर्ड ड्युटी, 11:05