दोन बोटं कमी!

आलात का पांघरुणात? पाय आत घ्या. आता गोकुळात जायचंय, आणि तिथे पहाट झालीये.

यमुनेकाठचं गोकुळ. गोठ्यातल्या गाई हंबरताहेत, वासरं उड्या मारताहेत. नंदबाबांच्या घरात यशोदामाई ताक करायला बसलीये. समोर दह्याने भरलेला हा एवढा मोठा डेरा, त्यात रवी, रवीला दोरी. माई दोरी ओढतेय आणि रवी गातेय : घुर्रर्र घुम्, घुर्रर्र घुम्.

एवढ्यात डोळे चोळत कोण आलं? बाळकृष्ण! आला आणि त्याने रवीच धरून ठेवली. घुम् बंद!

"आई, भूक."

माईने त्याला मांडीवर घेतलं, पदराखाली घेतलं. बाळ चुटूचुटू दूध पिऊ लागलं. तेवढ्यात चुलीवर आवाज झाला, फस्सस्स! दूध उतू चाललं होतं. माईने कान्हाला पटकन खाली ठेवलं आणि ती चुलीकडे धावली.

पोट अजून भरलं नव्हतं हो त्याचं! ओठ थरथरले, गाल फुगले. जवळ एक दगड होता, तो उचलला आणि... फट्! डेरा फुटला. दही भळाभळा वाहिलं, दारापर्यंत गेलं. कान्हा त्यातूनच पचक पचक चालत आत पळाला.

माई परत आली. बघते तर डेऱ्याच्या खापऱ्या, आणि जमिनीवर इवली इवली पांढरी पावलं. एक, दोन, तीन, चार... पावलं गेली थेट आतल्या खोलीत. तिथे उखळ पालथं घातलेलं, उखळावर कान्हा उभा आणि हात शिंक्यातल्या मडक्यात. खिडकीत माकडं रांगेत बसलेली. "हा घे तुला. हा तुला. अरे, ढकलू नकोस, तुलाही आहे!" असं म्हणत एकेकाला लोण्याचा गोळा.

माईला हसू आलं. पण हसून कसं चालेल? तिने छडी घेतली आणि पाऊल न वाजवता मागून आली. कान्हाने वळून पाहिलं आणि टुण्णकन उडी मारून धूम ठोकली! पुढे कान्हा, मागे माई. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून अंगणात. माईचा अंबाडा सुटला, केसातली फुलं वाटेवर सांडली. शेवटी धरलाच हात!

कान्हा रडू लागला. मुठींनी डोळे चोळले, काजळ गालभर झालं. ते भेदरलेलं तोंड बघून माईने छडी कधीच टाकून दिली. "पण आता तुला या उखळालाच बांधते. बस इथे."

तिने गाईचं दावं आणलं, कान्हाच्या पोटाभोवती गुंडाळलं, गाठ मारायला गेली. दोन बोटं कमी!

दुसरं दावं आणून जोडलं. पुन्हा दोन बोटं कमी!

तिसरं जोडलं. सांगा बरं किती कमी? दोन बोटं!

घरातली सगळी दावी संपली. गवळणी जमल्या आणि खो खो हसू लागल्या. कमर तर एवढीशी, करगोटा नीट बसतो, मग दावं का पुरत नाही? माईचं कपाळ घामाने भिजलं. कान्हाने ते पाहिलं. आई दमली आपली. मग तो अगदी गप्प उभा राहिला, आणि गाठ बसली. दाव्याला दाम म्हणतात आणि पोटाला उदर, म्हणून त्या दिवसापासून कान्हा झाला दामोदर. मला त्याच्या सगळ्या नावांत हेच आवडतं.

माई कामाला गेली. कान्हा रांगत रांगत निघाला, मागून उखळ खडड् खडड्. अंगणाबाहेर अर्जुनाची दोन जुनी झाडं जोडीने उभी होती. कान्हा मधल्या फटीतून पार गेला. उखळ आडवं झालं आणि अडकलं. त्याने जरासा हिसका दिला. कडाडधूम! दोन्ही झाडं आडवी! आणि त्यातून निघाले दोन तेजस्वी भाऊ, कुबेराची मुलं, नलकूबर आणि मणिग्रीव. नारदांच्या शापाने किती काळ झाडं होऊन उभे होते बिचारे. दोघांनी कान्हाला हात जोडले आणि ते आपल्या घरी गेले.

आवाज ऐकून सगळं गोकुळ धावलं. "वारा नाही, पाऊस नाही, झाडं पडली कशी?" तिथे खेळणारी पोरं ओरडली, "कान्हाने पाडली! आम्ही पाहिलं!" पण मोठ्या माणसांना पटतंय कुठे!

नंदबाबांनी हसत दावं सोडलं. कान्हा धावत जाऊन माईला बिलगला.

रात्री माईने त्याच्या पोटावर दाव्याचा लालसर वळ पाहिला आणि त्यावर हळूच लोणी चोळलं. कान्हाने एका बोटाने ते लोणी पुसून तोंडात घातलं. माईने पुन्हा लावलं, त्याने पुन्हा चाटलं. मग तिसऱ्यांदा बोट पोटापर्यंत गेलं... आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या मुठीत आईचा पदर. झोपला.

गोठ्यात गाईही बसल्या. हळू... श्श्...