महिनाभर नवे व्हिडिओ नाहीत. आई बरी आहे, काळजी नसावी

नमस्कार मंडळी,

महत्त्वाचं ते आधी सांगते. १ जुलैपासून ३१ जुलैपर्यंत चॅनलवर नवा व्हिडिओ येणार नाही. आईच्या उजव्या मनगटाला विश्रांती द्यायची आहे. ती घरीच आहे, हिंडतीफिरती आहे. कुठे दाखल केलेलं नाही आणि ऑपरेशनही ठरलेलं नाही. चॅनल बंद होत नाही. घाईत असाल तर एवढं वाचलंत तरी पुरे, बाकीचं सवडीने वाचा.

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी आम्ही शिरवाळ्यांचं शूटिंग केलं. ज्यांनी घरी शिरवाळे केलेत त्यांना ठाऊक आहे, पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यात घालून दाबावे लागतात. निवले की उतरत नाहीत. आणि ते दाबणं म्हणजे सगळी ताकद मनगटात आणायची. पहिल्या वेळी वाफेने लेन्सवर धुकं धरलं, म्हणून मी आईला म्हटलं, परत एकदा कर. मग बाजूने घ्यायचं राहिलं, म्हणून आणखी एकदा. तिने केलं. चार वर्षांत तिने मला एकदाही नाही म्हटलेलं नाही.

रात्री एडिटिंगला बसले तेव्हा दोन शॉटच्या मधला भाग समोर आला. गोळा संपतो, आई साच्यापासून बाजूला होते आणि उजवा हात खाली सोडून झटकते, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा. मग डाव्या हाताने अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं चोळते आणि पुढचा गोळा उचलते.

तो भाग मी कापला. कापल्यावर लक्षात आलं, की हे असंच कापण्याची माझी पहिली वेळ नाही. जुनं शूटिंग मी हार्ड डिस्कवर जपून ठेवते. ते उघडून बसले. मे महिन्यात मसाला केला तेव्हाचं बघितलं, त्यात आहे. एप्रिलमधल्या फणसाच्या भाजीत आहे. मार्चमध्ये घावणे केले, त्यात वाटप करता करता ती वरवंटा सोडून हात झटकते आणि मागून माझा आवाज येतो, “आई, जरा थांब, उजेड गेला.” तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. नको असलेला भाग म्हणून मी प्रत्येक वेळी काढून टाकत होते. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

सकाळी विचारलं तर म्हणाली, “माका काय्येक होवक नाय गो.” मग वहिनीकडून कळलं, की आई रात्री दोन-अडीचला उठून बसते, हाताला मुंग्या येतात म्हणून. आजीला सगळं ठाऊक होतं. फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण माझं काम अडेल असं त्यांना वाटलं.

कुडाळला डॉक्टरांना दाखवलं. कार्पल टनेल म्हणतात याला. मनगटातून एक शीर तळहातात जाते ती दाबली जाते, म्हणून अंगठा आणि लगतची बोटं बधिर होतात. करंगळीला काही होत नाही, डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारलं. रात्री झोपताना पट्टा बांधायचा आणि महिनाभर नारळ खवणं, पाट्यावर वाटणं, कपडे पिळणं, साचा दाबणं सगळं बंद. महिन्याने परत दाखवायचं. लवकर आलात हे बरं झालं, असंही ते म्हणाले. तुमच्यापैकी कुणाच्या घरी कोणी रात्री असा हात झटकत उठत असेल, तर “हात वळला असेल” म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या.

काहींनी सुचवलं असतं म्हणून आधीच लिहिते. आईऐवजी मी उभी राहून व्हिडिओ करू शकले असते. मिक्सर आहे, खोबरंही खवून मिळतं. पण कॅमेरा लावला की आई बाजूला बसणार नाही, हे मला माहीत आहे. ती उठणार आणि “तसा नाय, दी हकडे” म्हणत वरवंटा माझ्या हातातून घेणार. म्हणून या महिन्यात कॅमेराच नको. तो आणि दोन्ही लेन्स सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या आहेत. आमच्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. चूल मी आणि वहिनी सांभाळतोय. लावणीला वाडीतली माणसं येणार आहेत, त्यांच्या जेवणाचंही आम्हीच बघू.

तसाही हा बंदीचा काळ आहे. १ जूनपासून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आहेत, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. घरात सुके बांगडे आहेत, सोलं आहेत, परसात अळू माजलंय. आमचं काही अडत नाही.

आता व्यवहाराचं. ज्यांनी सभासदत्व घेतलं आहे त्यांचे जुलैचे पैसे कापले जाणार नाहीत, ते मी थांबवलं आहे. मसाल्याच्या ज्या ऑर्डरचे पैसे आले होते, त्यांतली शेवटची ९ पाकिटं उद्या पोस्टात पडतील. मसाला मेमध्येच कांडून झालाय, त्यासाठी आईला काही करावं लागत नाही, त्यामुळे कुणी संकोच करून ऑर्डर रद्द करू नका. नवी ऑर्डर मात्र ऑगस्टमध्येच घेईन. आम्ही कोणाकडेही मदतनिधी मागत नाही आणि मागणारही नाही. आईच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर तो आमचा माणूस नव्हे, एक रुपयाही देऊ नका.

आणि एक विनंती, रागावू नका. पावसात मालवणला फिरायला येणारे बरेच जण वाट वाकडी करून आमच्या घरी येतात. आम्हाला त्याचा खरंच आनंद होतो. पण घरी माणूस आलं की आई पट्टा काढून ठेवते आणि चहा टाकायला उठते. तेव्हा हा एक महिना येऊ नका. चतुर्थीला गावी येणार असाल तेव्हा जरूर या.

कमेंट मी रविवारी रात्री वाचेन आणि आईला वाचून दाखवेन. उत्तर उशिरा आलं किंवा आलंच नाही, तर समजून घ्या. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, नेहमीप्रमाणे सकाळी ११ वाजता परत भेटू. त्या दिवशी काय करायचं ते आईने अजून ठरवलेलं नाही. होड्या गेल्यावर पहिल्या जाळ्यात काय मिळतं, ते बघून ती सांगणार आहे. तोपर्यंत तिच्या हाताला बरं वाटलं नाही, तर मी तसं इथेच कळवीन, लपवणार नाही.

हे लिहिताना आई शेजारी बसली आहे. पुण्याच्या एका ताईने मागच्या आठवड्यात विचारलं होतं, भारंगीची भाजी कडू का होते. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून ती मला उठू देत नाही. तिचं उत्तर जसंच्या तसं देते: “तिका सांग, आधी पाना उकडून घे, पाणी पिळून टाक आणि मगे कांद्यार परत. खोबरा घालताना हात आखडू नको.”