साबुदाणा आला नाही

आमचं किराणा दुकान कराडात, शनिवार पेठेत, आजोबांच्या काळापासूनचं. मी नोकरी सांभाळून चार महिने रात्री जागलो आणि दुकानाचं ॲप बनवलं. यादी टाका, सामान घरपोच, पैसे रोख नाहीतर यूपीआय. पप्पा कशाला नको म्हणाले नाहीत, एवढंच म्हणाले की लोक पावशेर मागतात, ते त्यात येतंय का बघ.

पहिले पंधरा दिवस भारी गेले. सगळे ओळखीचे लोक, सगळे पाच स्टार. मग आषाढी एकादशी आली.

त्या दिवशी सकाळी दहाला प्ले स्टोअर उघडलं तर दोन नवीन रिव्ह्यू, दोन्ही एक स्टार. एकाची ऑर्डर दोनदा गेली होती, पाच किलो साखरेच्या जागी दहा किलो दारात. दुसरा मला अजून पाठ आहे: "रात्री साबुदाणा मागवला, सकाळी नुसते शेंगदाणे आले. साबुदाणा संपला म्हणे. संपला तर ॲपवर आहे कशाला दाखवता? घरात उपासाचं काही नाही. दुकान चांगलं होतं, ॲप बेकार."

खरं सांगतो, हात थरथरत होते. चार महिन्यांचं काम आणि कुणीतरी दोन मिनिटांत बेकार म्हणून मोकळं झालं असं वाटलं, आणि मी लगेच उत्तर टाइप करायला घेतलं, एकादशीला मागणी किती असते, माल सेलमहून येतो, तुम्ही आधी मागवायला पाहिजे होतं वगैरे वगैरे. ते काही जाईना, प्ले स्टोअरवर उत्तराला साडेतीनशे अक्षरांचीच मर्यादा असते. मी काटछाट करत बसलो तेवढ्यात पप्पा काट्यावर भगर तोलता तोलता म्हणाले, "काय झालं रे? वाच बरं मोठ्यानं."

मी वाचलं. नाव अर्धवटच होतं, पण पप्पांनी विचारलं, "याआधीच्या ऑर्डरीत काय होतं?" शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू दोन पाकिटं, खडीसाखर पावशेर. पप्पांनी काट्यावरचं माप खाली ठेवलं. "या घाटाजवळच्या वहिनी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन महिने जिना उतरल्या नाहीत. म्हणून तर ॲपवरनं मागवलं त्यांनी."

मी उत्तर पुसून टाकलं.

साबुदाणा काय, बाजारातनं आणून देता आला असता, पण तो भिजायलाच चार-पाच तास जातात, त्यांची खिचडी संध्याकाळी झाली असती. आईनं आमच्यासाठी रात्रीच भिजवला होता, मोकळा, टपोरा, एकेक दाणा सुटा. तिनं त्यातला निम्मा स्टीलच्या डब्यात भरला, वर कूट आणि दोन मिरच्या ठेवल्या आणि म्हणाली, तूच जा.

काकूंनी वॉकर धरून दार उघडलं. डबा बघितला, मग माझ्याकडं. "ते ॲप तू केलंस होय?" मी हो म्हणालो, सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "चिडून लिहिलं रे मी, पण खोटं नाही लिहिलं." आणि मला आत बोलावून फोन दाखवला, त्यांच्या ऑर्डरीवर रात्री ११:४० ला हिरव्या अक्षरात 'उपलब्ध' लिहिलेलं होतं. आमच्या दुकानातला साबुदाणा नऊलाच संपला होता!

चूक तिथंच होती. काउंटरवर पप्पा जे विकतात ते ॲपला कळायचंच नाही, ॲप फक्त स्वतःच्या ऑर्डरी वजा करायचं. मी म्हणालो, प्रत्येक पुडी स्कॅन करू. गर्दीत पप्पा एका हातानं पुडा बांधतात, दुसऱ्या हातानं सुट्टे देतात, ते स्कॅन कधी करणार? त्यावर तोड त्यांनीच सांगितली: सकाळी ॲपचा माल वेगळ्या फळीवर काढायचा, त्यातलं काउंटरवर द्यायचं नाही, आणि ॲपमध्ये तेवढाच आकडा टाकायचा. गोदामाचं कितीतरी वाचलं होतं मी, हे सुचलं नव्हतं. डबल ऑर्डरचं सोपं होतं, नेट स्लो असलं की लोक बटण परत दाबतात, आता एकदा दाबलं की ते बंद होतं आणि प्रत्येक ऑर्डरला एकच नंबर मिळतो. जास्तीची पाच किलो साखर मी जाऊन घेऊन आलो.

पंधरा दिवसांनी कामिका एकादशी. आदल्या रात्री मी लॅपटॉप उघडूनच बसलो होतो, दहा वाजून वीस मिनिटांनी काकूंची ऑर्डर पडली, साबुदाणा अर्धा किलो. पप्पा झोपायला निघालेले, ते परत खाली दुकानात उतरले, फळीवरची पुडी काढली आणि पेन्सिलीनं वर लिहिलं, 'घाट, वहिनी, सकाळी सहाच्या आत'.

रिव्ह्यू अजून एक स्टारच आहे. मी त्यांना बदला म्हणालो नाही. खाली माझं उत्तर आहे: "काकू, चूक आमची होती. फळी वेगळी केली आहे."