प्राजक्तासाठी व्हॉइस मेसेज

प्राजक्ता, अगं मी बोलतेय, समोरची काकू. टाइप करायला घेतलं होतं, पण बोटं वळतच नाहीत. चहाचा कप धरायचा तरी दोन्ही हात लावावे लागतात. तू ऑफिसात असशील, सावकाश ऐक. आत्ता लगेच काही नकोय.

शनिवारी रात्री ताप आला, एकशे तीनपर्यंत गेला. रविवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि अक्षरशः ओरडले. घोटे, मनगटं, सगळं सुजलंय. डॉक्टर म्हणाले, लक्षणं चिकनगुनियाची दिसतायत, पण डेंग्यू नाही ना हे बघायला रक्त दिलंय. रिपोर्ट आज संध्याकाळी येईल. तू घाबरू नकोस, घरात आलीस म्हणून तुला काही होणार नाही, हे डासाचं काम आहे. म्हणून तर मी भरदुपारीसुद्धा मच्छरदाणीत पडून आहे. मला चावलेला डास उद्या काकांना नको चावायला.

तर काम असं आहे. आपल्याला लिफ्ट नाही, तीन मजले मला उतरवणार नाहीत आणि काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिनाच झालाय. ते म्हणतात मी जातो, काठी घेऊन. मी म्हटलं, गप्प बसा. मग तुझी आठवण झाली.

आधी औषधं. माझी नंतर, काकांची पहिली, कारण त्यांच्या बीपीच्या दोनच गोळ्या उरल्यात, म्हणजे उद्या आणि परवा. टेल्मिसार्टन ४०. चाळीस बरं का, ऐंशी नाही, मागे एकदा दुकानात गडबड झाली होती. चिठ्ठीचा फोटो काका पाठवतायत... अहो, उलटा नाही, सरळ धरा! ...पाठवतील. महिन्याच्या आण.

माझ्यासाठी पॅरासिटामॉल ६५०, एक पाकीट, आणि ओआरएसच्या चार पुड्या, लिटरभर पाण्यात कालवायच्या असतात त्या. खोक्यातलं तयार गोड पाणी नको. आणि ऐक, सांधे दुखतायत म्हटल्यावर केमिस्ट दुसरी एखादी जोरदार पेनकिलर पुढे करेल. घेऊ नकोस. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काहीही घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. डेंग्यू असला तर त्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो म्हणे.

आता वाणसामान. फार काही नाही. मुगाची डाळ अर्धा किलो, इंद्रायणी तांदूळ दोन किलो. काकांना खिचडी जमते. जमते म्हणजे, कुकर लावता येतो, शिट्ट्या मोजता येत नाहीत. दूध रोज अर्धा लिटर, पिशवी दाराच्या कडीला अडकवून ठेवलीस तरी चालेल, बेल वाजवत थांबू नकोस. भाजी चिरलेली मिळाली तर बघ, दुधी किंवा फरसबी. मला सुरी धरवत नाही आणि काकांच्या हातात मी सुरी देणार नाही. लिंबं चार. केळी नकोत, अर्धा डझन काळी पडतायत इथे. शहाळं मिळालं तर एक, नाहीतर राहू दे, त्यासाठी लांब जाऊ नकोस.

दूध सोडलं तर बाकीचं सगळं एकदाच, उद्या संध्याकाळी तू येताना आणलंस तरी पुरेल. रोज रोज तुला पळवायचं नाहीये मला. आणि पुढच्या मंगळवारपर्यंतच. शीतल नाशिकहून येते म्हणत होती, पण तिचं बाळ पाच महिन्यांचं, मीच नको म्हटलं.

पैशांचं आत्ताच बोलून ठेवते. काका तुला आज दोन हजार जीपे करतील, जास्त लागले तर सांग, उरले तर ठेव, मंगळवारी हिशेब करू. "असू दे काकू" म्हणालीस तर दुसऱ्यांदा मी तुला काम सांगणार नाही, बघ. बिलं पिशवीतच टाक.

आणि तुला नाही जमलं तर स्पष्ट सांग, मार्चएंडसारखी गडबड तुमच्याकडे कधीही असते, माहितीये मला. मग मी वॉचमनच्या पोराला सांगेन. फक्त ती बीपीची गोळी मात्र तूच आण, चाळीस आणि ऐंशीतला फरक त्याला कळायचा नाही.

अजून एक राहिलं. तुझ्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा ओतून टाक ग, आजच. आमच्या दोन बशांत पाणी होतं, तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या. काकांनी काल टॉर्च मारून बघितलं तर आत अळ्या वळवळत होत्या. आणि मी आठवडाभर खालच्या नाल्याला शिव्या देत होते!

बरं, ठेवते. हात भरून आला फोन धरून.