शेवटच्या परेडवर पलटणीचा निरोप घेताना

सुभेदार मेजर साहेब, पलटणीला आरामसे करा. ऊन चढायच्या आत संपवतो. मुरार छावणीचं मैदान कसं तापतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

नव्या सीओ साहेबांना काल सूत्रं दिली. फाइली, शस्त्रं, हिशेब, सगळं कागदावर देता आलं. एक गोष्ट मात्र कुठल्याच रजिस्टरात नव्हती, म्हणून ती इथे सर्वांसमोर बोलतो.

गणपतीची सुट्टी. मराठा पलटणीत सीओची खरी परीक्षा तीच. प्रत्येकाच्या घरी गणपती, आणि नफरी तर ठेवावीच लागते. पहिल्या वर्षी मी यादी हातात घेऊन रात्रभर बसायच्या तयारीत होतो. सकाळी चारही रायफल कंपन्यांच्या याद्या टेबलावर, आपसात ठरवून आलेल्या. ज्याची आई अंथरुणाला खिळलेली, त्याचं नाव वर. ज्याचं नुकतंच लग्न झालं, त्याचंही. आणि स्वतःचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिणारे हवालदार विचारलं तर म्हणाले, "साहेब, आमचे गणपती इथेच बसतात की." बसतातही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी मराठी घरं आरतीला आपल्या मंदिरात येतात. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्यातून ती वस्ती झाली. म्हणजे तीही एका अर्थी पलटणीचीच माणसं.

1945 च्या एप्रिलमध्ये इटलीत सेनिओ नदीवर आपल्या रेजिमेंटचा नामदेव जाधव, कंपनीचा साधा रनर, गोळीबारात जखमी साथीदारांना एकेक करून मागे सुखरूप ठेवून आला, आणि मग एकटाच शत्रूच्या मशिनगनवर चालून गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रंगरुटांना आपण हल्ल्याचा भाग रंगवून सांगतो. मला आधीचा भाग मोठा वाटतो. शेजारच्याला आधी बघायचं, हे तुमच्यात सुट्टीच्या यादीपर्यंत उतरलंय. तुमच्या या स्वभावावर मी निर्धास्त झोपलो. त्याबद्दल तुमचे आभार.

लंगरचे जवान, क्लार्क, ड्रायव्हर, न्हावी, धोबी: परेडच्या रांगेत तुम्ही क्वचित दिसता, पण तुमच्यावाचून पलटण एक दिवस चालत नाही. आणि घरच्यांना माझा नमस्कार सांगा. मुलांच्या शाळा दर बदलीला नव्याने शोधायचं काम त्यांनीच केलं.

आता एक शेवटचा हुकूम, चालेल ना सीओ साहेब? वारसाची नोंद ज्यांची अजून राहिलीय, त्यांनी या आठवड्यात क्लार्ककडे जाऊन पुरी करावी. नवऱ्यामागे बायकोला कागदासाठी हेलपाटे घालावे लागलेले मी पाहिलेत. उद्यावर टाकू नका.

मी साताऱ्यात राहणार आहे. सुट्टीवर जाताना वाटेत उतरा, चहा मिळेल. फोन करून यायची गरज नाही. नव्या साहेबांच्या तक्रारी मात्र ऐकून घेणार नाही.

सुभेदार मेजर साहेब, परेड सावधान करा. आज घोषणा माझ्या तोंडून.

बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!