आबा, तुमच्या रिपोर्टात आणि डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय

आबा, ७ तारखेला दिलेल्या रक्त-लघवीचा रिपोर्ट आणि ९ तारखेला डॉक्टरांनी लिहून दिलेला इंग्रजी कागद, दोन्ही समोर ठेवून हे मराठीत लिहिलंय. अक्षर मोठं ठेवलंय. एका दमात वाचू नका, आईलाही शेजारी बसवा, कारण मीठ तिच्या हातात आहे.

आधी मुख्य गोष्ट. साखर वाढलीय हे तुम्हाला माहीतच आहे. या वेळी नवीन निघालंय ते किडनीचं. डॉक्टरांचा निम्मा कागद त्यावरच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

क्रिएटिनिन १.४ आलंय, लॅबची वरची मर्यादा १.३ आहे. नुसता आकडा बघितला तर ‘एका टिंबानं काय होतंय’ असं वाटेल. पण त्याच्या खालची ओळ बघा, ईजीएफआर ५४. क्रिएटिनिन, वय आणि पुरुष की बाई यावरून किडनी किती गाळते याचा तो हिशेब असतो. चांगल्या किडनीचा आकडा ९० च्या वर असतो, १५ च्या खाली गेला की डायलिसिसची गोष्ट निघते. तुमचे ५४ म्हणजे अगदी ढोबळमानानं शंभरातलं ५४ काम चाललंय. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढणारा माणूस दमला की मळी रसातच राहते, तसं आहे हे. क्रिएटिनिन ही रक्तातली मळीच. माणूस दमलाय, काम सोडून गेलेला नाही.

दुसरा आकडा लघवीतला आहे. कागदावर त्याला एसीआर म्हटलंय. तो ३० च्या आत हवा, तुमचा ६८ आलाय. रक्तातलं प्रथिन लघवीवाटे थोडं थोडं निसटतंय, गाळायचं फडकं विरल्यासारखं. वर्षानुवर्षं साखर आणि बीपी चढं राहिलं की असं होतं. यात काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखीच होते, म्हणून ‘मला तर काही त्रास नाही’ या बोलण्याला इथे अर्थ नाही.

कागदावर ‘सीकेडी’, म्हणजे ‘क्रॉनिक किडनी डिसीज’, लिहिलंय आणि त्याच्या आधी प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. ‘शंका आहे, नक्की नाही’ असा त्याचा अर्थ. किडनीचा जुना आजार म्हणायला हे आकडे निदान तीन महिने असेच राहावे लागतात. पाणी कमी प्यालं, ताप असला, गोळी बाधली, तरी एखाद्या वेळी क्रिएटिनिन वाढतं. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. ‘क्रॉनिक’ म्हणजे बराच काळ चालणारा, हाताबाहेर गेलेला नव्हे. सोनोग्राफीच्या ओळीत ‘अनरिमार्केबल’ शब्द आहे, त्यानं दचकू नका. सांगण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणजे सगळं ठीक. लघवीत इन्फेक्शन ‘निगेटिव्ह’, तेही चांगलंच.

आता साखर. उपाशीपोटी १४८, जेवणानंतर दोन तासांनी २२६. हे दोन आकडे त्या दिवसाचे. तिसरा, एचबीए१सी ८.१, गेल्या दोन-तीन महिन्यांचा आहे. त्यावरून सरासरी साखर १८६ च्या आसपास निघते. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करून पहिला आकडा खाली आणता येतो, हा नाही येत. तो डॉक्टरांना ७.५ च्या जवळ हवाय. ६.५ चा हट्ट त्यांनी मुद्दाम धरला नाही. तुमच्या वयात साखर एकदम खाली जाऊन चक्कर येणं, पडणं हे थोडी जास्त असण्यापेक्षा घातक.

गुळाचं इथेच सांगून टाकतो. आपल्याकडचा गूळ कितीही नामी असला तरी रक्तात गेल्यावर त्याची साखरच होते. गुळाचा चहा ‘चालतो’ ही समजूत सोडा. उसाचा रस तर नकोच.

हिमोग्लोबिन ११.६, पुरुषाला १३ च्या वर हवं. बी-१२ १६२ आहे, २०० च्या वर हवं. साखरेची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतली की पोटातून बी-१२ नीट शोषलं जात नाही. पायाला मुंग्या येतात त्या यामुळे असतील किंवा साखरेमुळे, बहुधा दोन्ही. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १२८ आहे. लॅबच्या रकान्यात त्यावर मोठी खूण नाही, पण डायबेटिस असलेल्याला डॉक्टर ७० च्या खाली मागतात. पोटॅशियम ४.६, थायरॉइड, लिव्हर ठीक. बीपी दवाखान्यात १४८/८६ भरलं, ते १३०/८० च्या आत हवं.

गोळ्या. कागदावर १-०-१ असं लिहिलेलं असतं ते सकाळ-दुपार-रात्र. शून्य असेल त्या वेळी घ्यायची नाही.

ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, १-०-०, जुनीच. नाष्ट्याच्या अगदी आधी. नाष्टा करणार नसाल तर ही घ्यायची नाही. एकादशीला हीच गोळी गोत्यात आणते: सकाळी गोळी, मग दुपारपर्यंत पोटात काही नाही, साखर खाली. उपवास करायचाच असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात साखर उलट चढते, हेही धरून चाला.

मेटफॉर्मिन ५००, १-०-१, जुनीच. जेवणासोबत. आत्ताच्या ५४ वर चालते. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर डोसाचा विचार पुन्हा होईल.

टेलमिसार्टन ४०, १-०-०, ही नवी. बीपीची आहे आणि लघवीतलं प्रथिन निसटणंही कमी करते, म्हणून बीपी घरी बरं आलं तरी बंद करायची नाही. पहिले आठ-दहा दिवस अंथरुणातून उठताना आधी कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, ते डॉक्टरांनी गृहीत धरलंय. पोटॅशियमही वाढू शकतं, म्हणून दोन आठवड्यांनी रक्त द्यायचंय.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीची १० ची होती, आता २०. जुन्या पट्टीतल्या १० च्या गोळ्या उरल्यात, त्या दोन घेतल्या तरी चालतील. मात्र २० ची पट्टी सुरू केलीत की जुनी डब्यातून काढून टाका, नाहीतर दोन्ही पोटात जातील. बी-१२ ची गोळी दुपारी जेवणानंतर एक.

उलट्या-जुलाब लागले, पाणीही पोटात टिकत नसेल, तर त्या दिवशी मेटफॉर्मिन आणि टेलमिसार्टन घ्यायच्या नाहीत, लगेच डॉक्टरांना फोन. अंगातलं पाणी कमी झाल्यावर या दोन गोळ्या किडनीवर भारी पडतात.

घाम फुटला, हात थरथरले, बोलताना गोंधळ झाला तर मशीनवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. तरी खालीच असेल तर परत तेवढीच. वर आली की थोडी भाकरी खा. मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नका, साखर घ्या. अशा वेळी ‘मला साखर चालत नाही’ म्हणून बसायचं नाही.

गुडघ्याची गोळी बंद. मेडिकलमधून सुटी आणता ती डायक्लोफिनॅक. डॉक्टरांनी या ओळीखाली दोन रेघा ओढल्यात. अशा गोळ्यांनी किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, टेलमिसार्टनसोबत तर दुप्पट ताण. आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक हीसुद्धा त्यांचीच भावंडं. दुखलं तर पॅरासिटामॉल ५००, एका वेळी एक, दिवसात जास्तीत जास्त तीन. मेडिकलवाल्याला ‘गुडघ्यावर काहीतरी द्या’ म्हणू नका, ‘पॅरासिटामॉल द्या’ असं नाव घेऊनच मागा. बाजारात गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात त्याही नकोत, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आई, मीठ. दिवसाला माणशी एक छोटा सपाट चमचा, भाजी-आमटी-भाकरी-चटणी सगळं धरून. म्हणजे किलोचा पुडा तुम्हा दोघांना तीन महिन्यांच्या वर जायला हवा. पुडा आणला की त्यावर तारीख लिहून ठेव, हिशेब आपोआप लागेल. कांदा-लसूण चटणीत मीठ असतंच, ती घातलीस की वरून मीठ निम्मं कर. लोणचं, पापड, सांडगे, फरसाण यांत सगळ्यात जास्त. सैंधव मीठही मीठच. आणि दुकानात ‘कमी सोडियम’ म्हणून पुडा मिळतो तो आणू नकोस. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, टेलमिसार्टनसोबत ते अंगात साठतं. शहाळंही रोज नको.

रविवारचं मटण बंद केलेलं नाही, बी-१२ त्यातूनही मिळतं. चार फोडी घ्या आणि रस्सा वाटीभरच. तांबडा असो की पांढरा, दोन-तीन वाट्या रस्सा प्यालात की दिवसाचं मीठ तिथेच संपलं. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मूठभर भात, पालेभाजी. दूध साखरेशिवाय. पाणी तहानेप्रमाणे, मुद्दाम घागरभर प्यायची गरज नाही.

चालणं अर्धा तास, रंकाळ्यावर जाता तसंच, पण बूट घालून. मुंग्या येणाऱ्या पायाला चप्पल चावलेली कळत नाही, आणि नवी कोल्हापुरी चप्पल चावतेच. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या फटी उजेडात बघा, तळवा दिसत नसेल तर आई बघेल. फोड आला तर फोडू नका. देवळात अनवाणी तापलेल्या फरशीवर उभं राहू नका, मोजे चालतात.

२४ तारखेला सकाळी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमसाठी रक्त द्यायचंय. या दोघांसाठी उपाशी राहायची गरज नाही, नाष्टा आणि गोळ्या घेऊनच जा. बीपी रोज सकाळी गोळी आधी आणि रात्री जेवणाआधी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून मोजा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या घरात लिहा. आकडा वाईट आला म्हणून लगेच तीनदा मोजू नका. डोळ्याच्या पडद्याची तपासणी याच महिन्यात करून घ्यायचीय. बाहुलीत थेंब घालतात, तीन-चार तास धुरकट दिसतं, त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा.